निगेटिव्ह स्कॅन करून पॉझिटिव्ह केल्यावर केशरी छटेचा निळसरपणा जात नाही (आत्याच्या हळदीचा रोल)

सदाफुली

बाबांच्या कपाटात त्यांनी काढलेल्या रोल्सच्या निगेटिव्ह सापडल्या. प्रिंट्स बऱ्याचशा पुरात गेल्या. निगेटिव्ह मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, म्हणून वाचल्या. फ्लॅटबेड स्कॅनरवर मी आतापर्यंत चौदा पट्ट्या स्कॅन केल्या आहेत. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचे रंग आवडले नाहीत, म्हणून नुसती केशरी निगेटिव्ह स्कॅन करते आणि फोटो एडिटरमध्ये उलटी करते. उलटी केली की सगळा फोटो निळा पडतो. मग ऑटो कलर लावते. काही फोटो बरे होतात, काही बिघडतात.

सगळ्यात वाईट अवस्था आत्याच्या हळदीच्या फोटोंची आहे. ऑटो कलर लावला की हळदीचा पिवळा उडतो, आत्याचे गाल राखाडी दिसतात आणि हातातला हिरवा चुडा निळसर होतो. हाताने पिवळा वाढवला तर मागची भिंत पिवळी होते. त्याच रोलवर २६ जानेवारीचे शाळेतले फोटो आहेत, ते ऑटोने जवळजवळ ठीक येतात. रोल तोच आणि स्कॅनरही तोच, मग असं का होतं? जवळजवळ तीनशे फोटो आहेत, प्रत्येकाशी असं झटापट करणं शक्य नाही.

लेन्सवेडा

सोपं आहे. केशरी म्हणजे फिल्मवर दिलेला एकसारखा रंगाचा थर, रंगीत काच ठेवल्यासारखा. उलटं करण्याच्या आधीच व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने तो केशरी भाग टिपायचा, तो राखाडी झाला की कर्व्ह उलटा करायचा. मी असंच करतो, दोन मिनिटांत होतं.

मनमोकळी

माझ्याकडेही हाच त्रास आहे! आमच्या लग्नाचे फोटो अल्बममध्ये पार लालसर-केशरी झाले आहेत. चेहरे ओळखू येतात, पण साड्यांचे रंग कळत नाहीत. त्यालाही हा ड्रॉपर चालेल का?

डार्करूमकाका

मनमोकळी, तुमचे फोटो कागदावरचे आहेत. त्यांचा केशरीपणा कागदातला निळसर रंग उडाल्यामुळे आलेला आहे, निगेटिव्हचा केशरीपणा फिल्म बनवतानाच दिलेला असतो. उपाय वेगळे आहेत. अल्बमच्या फोटोंच्या निगेटिव्ह घरात कुठे आहेत का ते आधी शोधा. सापडल्या तर हा धागा तुमच्या कामाचा आहे.

सदाफुली, मी सांगलीत बरीच वर्षं मिनीलॅब चालवली, त्याआधी डार्करूममध्ये हाताने रंगीत प्रिंट काढले. तुमच्या हळदीच्या फोटोचं कारण सरळ आहे. ऑटो कलर प्रत्येक चौकटीकडे वेगळं बघतो आणि गृहीत धरतो की सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असली पाहिजे. शाळेच्या मैदानात आकाश, माती, पांढरे शर्ट, झाडं असं सगळं थोडंथोडं असतं, तिथे ते गृहीतक चालून जातं. हळदीच्या फोटोत अर्धी चौकट पिवळी आहे. यंत्राला तो पिवळा दोष वाटतो आणि ते त्यात निळा ओततं. चुडा निळसर झाला तो त्यामुळेच. लॅबमध्येही असेच फोटो बिघडायचे. पिवळ्या शालूतली नवरी मशीनने निळी करून दिली की आम्ही हाताने दुरुस्ती करून पुन्हा काढायचो.

म्हणून फोटोच्या आतल्या रंगावरून केशरी किती हे ठरवायचंच नाही. ते फिल्मच्या कोऱ्या भागावरून मोजायचं, जिथे प्रकाश पडलेलाच नाही. दोन चौकटींच्या मधली पट्टी त्यासाठी उत्तम. तुम्ही स्कॅन करताना ती कापून टाकली आहे का?

सदाफुली

हो काका, कापली आहे. मला वाटलं ती निरुपयोगी आहे.

डार्करूमकाका

तीच सगळ्यात कामाची. पुन्हा स्कॅन करावं लागेल, पण एका रोलची एकच पट्टी आधी करून बघा.

लेन्सवेडा यांचं अर्धं बरोबर आहे, अर्धं चुकतं. केशरी ही एकसारखी रंगीत काच नाही. फिल्ममध्ये जो मॅजेंटा रंग तयार होतो त्याने फक्त हिरवा प्रकाश अडवायला हवा, पण तो थोडा निळाही अडवतो. निळसर रंगाचंही तसंच, तो लाल अडवताना थोडा हिरवा आणि निळा खातो. हे रसायनांचे जन्मजात दोष आहेत. त्यावर युक्ती अशी केली की ज्या रसायनापासून मॅजेंटा बनतो ते रसायनच मुळात पिवळसर ठेवायचं. जिथे मॅजेंटा तयार होईल तिथे ते खर्ची पडतं आणि त्याचा पिवळेपणा जातो. म्हणजे मॅजेंटा असलेल्या जागी मॅजेंटाच निळा खातो आणि नसलेल्या जागी हा पिवळेपणा तेवढाच निळा खातो. बेरीज सगळीकडे सारखी. निळसर रंगाच्या रसायनाला असाच लालसरपणा दिलेला असतो. पिवळा आणि लालसर मिळून केशरी.

म्हणून निगेटिव्हच्या कोऱ्या कडेवर केशरी सगळ्यात ठसठशीत दिसतो आणि दाट भागात तो रंगाखाली विरघळलेला असतो. तरी परिणाम सगळीकडे एकसारखा असल्यामुळे कडेवर मोजलेला केशरी पूर्ण चौकटीला लागू पडतो. इथपर्यंत लेन्सवेडांचा ड्रॉपर योग्यच आहे. चूक पुढच्या पायरीत आहे, उलटं करण्यात.

लेन्सवेडा

उलटं करण्यात चूक कशी असेल? काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. माझे फोटो तर चांगले येतात.

डार्करूमकाका

चांगले येत असतील, कारण नंतर तुम्ही कर्व्हने हात फिरवत असणार. नुसतं उलटं करणं म्हणजे मोठ्या आकड्यातून वजाबाकी. फिल्म वजाबाकी करत नाही. दोन गॉगल एकावर एक लावले तर पहिल्यातून निम्मा प्रकाश आला आणि दुसऱ्याने त्याचा निम्मा सोडला, म्हणजे चौथा हिस्सा उरला. हा गुणाकार आहे. तो उलटवायचा तर भागाकार करावा लागतो. सदाफुली, पट्टी स्कॅन करून आकडे द्या, आकड्यांवर दाखवतो. २६ जानेवारीचाच एखादा फोटो घ्या, ज्यात एकाच उन्हात पांढरं आणि राखाडी असं दोन्ही असेल.

स्कॅन करताना चार गोष्टी सांभाळा. निगेटिव्ह मोड नको, पॉझिटिव्ह म्हणून स्कॅन करा. ४८ बिट ठेवा. सगळी स्वयंचलित दुरुस्ती बंद. आणि एक्स्पोजर पूर्ण रोलला एकच राहू द्या, नाहीतर प्रत्येक चौकटीचे आकडे वेगळ्या मापाने येतील. VueScan असेल तर `Lock exposure` ला खूण करा आणि `Output` मध्ये `Raw file` निवडा, त्यातून सरळ रेषेतला, गॅमा न लावलेला डेटा मिळतो. गॅमा लावलेल्या फाइलवर खालचे आकडे जुळणार नाहीत.

सदाफुली

काका, रात्री बसून केलं. पहिल्यांदा चूक झाली. मी ड्रॉपर फिल्मच्या भोकावर ठेवला होता, तिन्ही आकडे ६५,५३५ आले. नंतर कळलं की तिथे फिल्मच नाही, नुसता दिवा आहे. मग दोन चौकटींच्या मधल्या पट्टीवर घेतले. फोटोत बाबा ध्वजस्तंभाजवळ उभे आहेत, पांढरा शर्ट, शेजारी सिमेंटचा काळपट खांब, दोन्हीवर सकाळचं ऊन. लाल, हिरवा, निळा या क्रमाने:

कोरी पट्टी: ५२,०००, २४,०००, १४,०००
खांब: २६,१००, ९,५५०, ४,९७०
शर्ट: १०,४००, ३,०२०, १,४००

डार्करूमकाका

छान आकडे आहेत. भोकाची चूक सगळेच एकदा करतात. दुसरी चूक म्हणजे रोलच्या सुरुवातीचं टोक घेणं. कॅमेऱ्यात रोल भरताना त्यावर उजेड पडलेला असतो, ते काळं असतं. तुम्ही योग्य जागा घेतली.

आधी वजाबाकी करून बघू. पट्टीतून खांब वजा केला की २५,९००, १४,४५०, ९,०३० उरतात. शर्ट वजा केला की ४१,६००, २०,९८०, १२,६००. आता शर्ट पांढरा दिसावा म्हणून तिन्ही चॅनल शर्टावर सारखे केले. मग खांब किती उजळ? लालमध्ये शर्टाच्या ६२ टक्के, हिरव्यात ६९, निळ्यात ७२. म्हणजे शर्ट पांढरा झाला आणि खांब निळसर. खांब राखाडी करायला गेलात तर शर्ट लालसर होईल. तुम्ही तीनशे फोटोंशी जी झटापट म्हणता ती हीच. शिवाय काळपट खांब शर्टाच्या दोनतृतीयांश उजळ दिसतोय, हेही खरं नाही. फोटो फिकट, खडूसारखा दिसतो तो यामुळे.

आता भागाकार. पट्टी भागिले खांब: साधारण २, २.५, २.८. पट्टी भागिले शर्ट: ५, ८, १०. यांचे लॉग घेतले की फिल्मची घनता मिळते. खांबाची ०.३०, ०.४०, ०.४५ आणि शर्टाची ०.७०, ०.९०, १.००. केशरी इथे संपला, कारण कोऱ्या पट्टीची घनता आता तिन्हीत शून्य आहे.

पण खांबापासून शर्टापर्यंतचं अंतर बघा. लालमध्ये ०.४०, हिरव्यात ०.५०, निळ्यात ०.५५. तिन्ही थरांचा चढ वेगळा आहे. केशरी काढूनही सावलीत एक रंग आणि उजेडात दुसरा, असं राहतं ते या फरकामुळे. हिरव्याला मूळ धरून लालची घनता १.२५ ने गुणा आणि निळ्याची ०.९१ ने. तिन्ही अंतरं ०.५० होतात. मग शर्ट पांढरा केला की खांबही त्याच वेळी बेरंग होईल.

हे दोन गुणक, कोऱ्या पट्टीचे तीन आकडे आणि शर्टाच्या गुणकानंतरच्या तीन घनता, एवढंच त्या रोलचं बिऱ्हाड. ते लिहून ठेवा आणि रोलच्या प्रत्येक चौकटीला तेच लावा. हळदीलाही तेच.

टिंबटिंब

मला फोटोग्राफीतलं फार कळत नाही, पण काकांनी सांगितलं ते कोडमध्ये बसवलं. सदाफुली, पायथॉन असेल तर चालवून बघा. १.६ हा आकडा काकांना विचारून घेतला. निगेटिव्हमध्ये दृश्याचा कॉन्ट्रास्ट साधारण ०.६ पट दाबलेला असतो, तो परत उघडण्यासाठी. `white` मध्ये शर्टाची गुणकानंतरची घनता आहे.

```python
import numpy as np, tifffile

a = tifffile.imread("neg12.tif")[..., :3].astype(float)
base  = np.array([52000, 24000, 14000])
k     = np.array([1.25, 1.00, 0.91])
white = np.array([0.875, 0.90, 0.91])

d = -np.log10(np.clip(a / base, 1e-4, 1)) * k
lin = 10 ** ((d - white) * 1.6)
out = np.clip(lin, 0, 1) ** (1 / 2.2)
tifffile.imwrite("pos12.tif", (out * 65535).astype("uint16"))
```

आकड्यांवर तपासलं. गॅमा लावण्याआधी, म्हणजे `lin` मध्ये, शर्ट १०० टक्के आणि खांब तिन्ही चॅनलमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास येतो.

लेन्सवेडा

मी माझ्या जुन्या एका फोटोवर दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघितल्या. काकांचं बरोबर आहे. माझ्या पद्धतीत केसांमध्ये आणि सावलीत निळा राहत होता, मी त्याला फिल्मचा स्वभाव समजत होतो. ज्यांना कोड नको त्यांच्यासाठी: darktable मध्ये `negadoctor` हे मॉड्यूल हेच घनतेचं गणित करतं. `D min` चा ड्रॉपर कोऱ्या पट्टीवर लावायचा. पुढे सावलीची छटा आणि उजेडाचा व्हाइट बॅलन्स यांचे वेगळे स्लायडर आहेत. फक्त त्याच्या ऑटोच्या ड्रॉपरने पूर्ण चौकट निवडू नका, नाहीतर हळदीची गत पुन्हा तीच.

सदाफुली

काका, टिंबटिंब, आत्ता हळदीचा फोटो केला. काय सांगू! हळद हळदीसारखी आली आहे, आत्याच्या कपाळावर ओली आणि दाट, गालावर वाळून फिकी झालेली, दोन्ही वेगळे पिवळे दिसतात. चुडा हिरवा. आईची साडी ऑटो निळी दाखवायचा, ती मोरपंखी निघाली. आईला फोनवर पाठवला तर ती आधी साडीबद्दलच बोलली, ती साडी तिला मामाने घेतली होती.

एक राहिलं आहे. पुढची माणसं बरोबर आहेत, पण मागच्या खोलीत सगळं पिवळट-नारिंगी आहे. गुणक पुन्हा काढू का?

डार्करूमकाका

गुणकाला हात लावू नका. बाबांनी फ्लॅश वापरला होता ना? फ्लॅश पुढच्या माणसांवर पडला, त्याचा रंग दिवसाच्या उजेडासारखा. मागे साठ नाहीतर शंभरचा पिवळा बल्ब असणार. तो पिवळा खरा आहे, त्या संध्याकाळी खोलीत तसाच उजेड होता. फारच खुपला तर मागचा भाग निवडून तेवढाच थोडा थंड करा. मी ठेवला असता.

आणि एक सावधगिरी. सिमेंट पूर्ण बेरंग नसतं, किंचित उबदार असतं, शर्टाला नीळ दिलेली असू शकते. म्हणून त्या रोलवर आणखी एखादी जोडी सापडली तर गुणक ताडून बघा. ०.०३-०.०४ चा फरक आला तर फार मनावर घेऊ नका.

परदेशस्थ

मी न्यू जर्सीत आहे. स्कॅनरऐवजी कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सने काढतो, रॉ फाइलमध्ये. खाली आधी मोबाइलचा पांढरा स्क्रीन ठेवायचो, त्यात स्क्रीनचे ठिपके फोटोत यायचे. फिल्म स्क्रीनपासून चार-पाच सेंटिमीटर वर उचलली आणि मध्ये दुधी प्लास्टिक घातलं तेव्हा गेले. माझा प्रश्न दिव्याचा आहे. काही जण म्हणतात चांगल्या प्रतीचा पांढरा एलईडी पुरेसा, काही जण लाल, हिरवा, निळा असे वेगळे अरुंद दिवे लावून तीन फोटो काढतात आणि म्हणतात की त्यात रंग जास्त स्वच्छ येतात. खरं काय?

डार्करूमकाका

तीन दिव्यांमागचा विचार पटण्यासारखा आहे. रंगीत प्रिंटचा कागदही फिल्मकडे तीन वेगळ्या पट्ट्यांतच बघतो, आणि फिल्म त्या कागदासाठीच बनवलेली असते. कॅमेऱ्याचा सेन्सर माणसाच्या डोळ्याची नक्कल करतो, त्याच्या पट्ट्या एकमेकींत घुसतात. मग हिरव्या चॅनलमध्ये थोडी लालची घनता मिसळते आणि रंग मळतात. हे तीन चॅनलच्या गुणकांनी पूर्ण सुटत नाही.

लेन्सवेडा

मी दोन्ही करून बघितलं आहे. पांढऱ्या दिव्यावर रंग थोडे वाढवले की मला फरक दिसेनासा होतो. तीन फोटो जुळवताना कॅमेरा केसभर हलला तरी कडांना रंगीत झालर येते, तो त्रास वेगळा. तीनशे फोटोंसाठी मी पांढराच वापरेन.

परदेशस्थ

म्हणजे एका पट्टीवर दोन्ही करून मलाच बघावं लागणार. लाल फुलं आणि गडद हिरवळ असलेली चौकट घेतो, मिसळ असेल तर तिथे दिसेल.

सदाफुली

काका, शेवटचा प्रश्न. डब्यात सगळ्यात तळाला एक रोल आहे, माझ्या जन्माआधीचा. त्याची कोरी पट्टी बाकीच्यांपेक्षा गडद, तपकिरी आहे. पट्टीवरून मोजून केलं तर सावल्या नीट येतात, पण उजळ भाग पिवळे पडतात. बाबांच्या शर्टावर तर हमखास.

डार्करूमकाका

पट्टी गडद झाली ते जुनेपणाचं धुकं. ते सगळीकडे सारखं चढलं असेल तेवढं भागाकारात निघून जातं, म्हणून सावल्या नीट आल्या. उजळ भाग पिवळे म्हणजे निगेटिव्हमधलं पिवळं रंगद्रव्य उडालंय. निळा चॅनल त्याच्यावरच उभा असतो, ते उडालं की निळ्याचा चढ कमी होतो. त्या रोलचा निळ्याचा गुणक आधीच्या ०.९१ वर ठेवू नका. त्याच रोलवरच्या पांढऱ्या-राखाडी जोडीवरून नव्याने काढा, एकाच्या वर गेला तरी चालेल.

पण गुणक १.४-१.५ च्या पुढे जायला लागला तर निळ्या चॅनलमधला दाणा वर येईल, शर्टावर निळे-पिवळे ठिपके दिसतील. तिथे थांबा. शिवाय रंग चौकटीच्या कडेला जास्त आणि मध्ये कमी उडाला असेल तर एका गुणकाने तो सारखा होत नाही. त्या रोलवर पांढरं-राखाडी कुठे आहे का?

सदाफुली

एका चौकटीत पांढरी ॲम्बॅसॅडर आहे, डांबरी रस्त्यावर. रस्ता ओला आहे.

डार्करूमकाका

ओल्या रस्त्यात आकाश दिसतं, तो निळसर येईल. तो नको. गाडीच्या टायरजवळ कोरडा तुकडा असेल तर तिथे बघा, आणि पांढऱ्यासाठी गाडीचाच उन्हातला पत्रा घ्या. आकडे टाका, मी उद्या सकाळी बघतो.